आंबट एस्प्रेसोला सोडा नको, दळण बारीक करा

"एस्प्रेसो आंबट लागतेय? मशीनच्या टाकीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. कडू लागली तर पावडर कमी घाला. तरीही जमलं नाही तर बिया बदला."

हा मेसेज लातूरला माझ्या भाच्याकडे पोचला आणि त्यानं खरंच टाकीत सोडा टाकला. अरे, आपल्याकडचं बोअरचं पाणी आधीच जड! ते तापलं की बॉयलरला आतून पांढरा थर धरतो, सोड्यानं तो आणखी लवकर धरतो. सोड्यानं आंबटपणा मरतो, एवढं मान्य. पण पावडरीत अडकून राहिलेला गोडवा त्यानं कपात येत नाही. आम्लं पाण्यात आधी उतरतात, गोडवा त्यांच्या मागून आणि कडू-तुरट चव शेवटी. पाणी घाईनं निघून गेलं की कॉफी आंबट, रेंगाळलं की कडू.

घाई ओळखायची ती घड्याळावर. इटलीतली एस्प्रेसो संस्था 7 ग्रॅम पावडरीला 25 सेकंद सांगते, पाच इकडे-तिकडे. घरच्या मशीनच्या दोन कपांच्या चाळणीत साधारण 18 ग्रॅम पावडर बसते, पण वेळ जवळपास तीच धरायची.

भाचा म्हणाला, "मामा, मशीनच बिघडलं दिसायलंय." मी त्याला कप वजनकाट्यावर ठेवायला लावला. पावडर 18 ग्रॅम, कपात 36 ग्रॅम झाले की बंद. 14 सेकंदांतच कप भरला. धार सुरुवातीपासून फिकट आणि पातळ. बाकी काही न बदलता दळण दोन खुणा बारीक केलं. ग्राइंडरमध्ये आधीची जाड पावडर अडकलेली असते, म्हणून पहिली थोडी फेकून दिली. आता 21 सेकंद, आंबटपणा उतरला. आणखी एक खूण, 28 सेकंद, धार मधासारखी. उत्साहात त्यानं अजून बारीक केलं, तर थेंब थेंब पडत 45 सेकंद लागले आणि जीभ कोरडी पडली. परत एक खूण मागे.

पावडर कमी घालण्याचा सल्लाही उलटा पडतो. कप तेवढाच भरला तर दर ग्रॅम पावडरीतून जास्त पाणी जातं. कॉफी पातळ होते आणि कडूपणा राहतोच. कडू लागली तर दळण जाड करा, नाहीतर 36 ऐवजी 32 ग्रॅमवर थांबवा.

एकाच घोटात आंबट आणि कडू दोन्ही लागलं तर पावडर चाळणीत एकसारखी बसलेली नसते आणि पाणी एका बाजूनं वाट काढतं. आधी सुईनं गुठळ्या मोडा, मग सपाट दाबा.

बियांचं म्हणाल तर, फार जुन्या असतील तर बदलाच. चाळणी दुहेरी तळाची, एकच बारीक भोक असलेली असेल तर मात्र दळणाचा फरक फारसा दिसणार नाही. तिथे आधी साध्या तळाची चाळणी आणा.