सिंगल स्टबची दोन उत्तरे सारखी नसतात

"सिंगल स्टब मॅचिंग म्हणजे दोन मिनिटांचे काम. लोडचा बिंदू स्मिथ चार्टवर टाका, केंद्राभोवती वर्तुळ काढा आणि ते 1 च्या वर्तुळाला छेदेल तिथे स्टब जोडा. छेद दोन मिळतात, दोन्ही उत्तरे सारखीच, सोयीचे ते घ्या. अँटेनापाशी जागा नसेल तर अर्ध्या-अर्ध्या तरंगलांबीने मागे येत स्टब रेडिओपाशी आणा, काही फरक पडत नाही. मीटरने 1 दाखवला की सगळी लाइन मॅच झाली."

हा मजकूर मुंबईतल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांमध्ये आणि लाँचवर रेडिओ बसवणाऱ्यांमध्ये बराच फिरतो आहे. त्याबरहुकूम कापलेला एक स्टब भाऊच्या धक्क्याला लागलेल्या एका लाँचवर मी स्वतः सोडवला आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो. एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. केबिनच्या छतावर, लोखंडी पाइपाला खेटून बसवलेली मरीन व्हीएचएफ अँटेना चॅनल 16 वर, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झला, 30 − j40 ओहम इम्पीडन्स दाखवते असे समजा. केबल 50 ओहमची आहे, त्यामुळे एसडब्ल्यूआर बरोबर 3 येतो. अँटेना पाइपापासून दूर सरकवता येत असेल तर आधी तेच करावे. स्टबचा विचार ती सोय नसेल तेव्हाच करावा.

पहिली चूक बिंदू टाकतानाच होते. स्टब लाइनला समांतर जोडला जातो, आणि समांतर जोडणीत बेरीज होते ती ॲडमिटन्सची, इम्पीडन्सची नव्हे. म्हणून 50 ने भागून मिळालेला 0.6 − j0.8 हा बिंदू केंद्रातून पलीकडे नेऊन आधी ॲडमिटन्सचा बिंदू काढावा लागतो, आणि तो येतो 0.6 + j0.8. ही पायरी गाळली तर स्टबची जागा पाव तरंगलांबीने चुकते. आपल्या उदाहरणात तसे केले तर स्टब लावल्यावर एसडब्ल्यूआर 3 वरून 1 वर न येता 9 वर जातो. लाँचवर नेमके हेच झाले होते: स्टब काढून टाकल्यावर रेडिओ आधीपेक्षा बरा चालू लागला, आणि मालकाने स्टब या प्रकारालाच दोष दिला.

आता बरोबर पद्धतीने जाऊ. 0.6 + j0.8 हा बिंदू चार्टच्या बाहेरच्या, जनरेटरकडे मोजणाऱ्या पट्टीवर 0.125 ला येतो. केंद्राभोवतीचे वर्तुळ 1 च्या वर्तुळाला 0.1667 आणि 0.3333 या दोन ठिकाणी छेदते. पहिल्या छेदावर ॲडमिटन्स 1 + j1.155 आहे, दुसऱ्यावर 1 − j1.155. म्हणजे स्टब अँटेनापासून 0.0417 किंवा 0.2083 तरंगलांबीवर जोडता येतो. पहिल्या ठिकाणी त्याने −j1.155 द्यायचे आहे, दुसऱ्या ठिकाणी +j1.155. टोक शॉर्ट केलेला स्टब घेतला तर त्याची लांबी पहिल्या उत्तरात 0.1136 आणि दुसऱ्यात 0.3864 तरंगलांबी निघते.

हे आकडे सेंटीमीटरमध्ये नेताना तरंगलांबी केबलमधली धरायची असते. हवेत ती 191.2 सेंटीमीटर आहे, पण भरीव पॉलिथिलीनच्या केबलमध्ये वेग 0.66 पट होतो, म्हणून ती 126.2 सेंटीमीटर भरते. मग पहिले उत्तर होते अँटेनापासून 5.3 सेंटीमीटरवर 14.3 सेंटीमीटरचा स्टब, आणि दुसरे होते 26.3 सेंटीमीटरवर 48.8 सेंटीमीटरचा स्टब. हा 0.66 विसरून हवेतल्या तरंगलांबीने पहिल्या उत्तराची केबल कापली तर एसडब्ल्यूआर 2.05 वर अडकतो. असा आकडा दिसला आणि चार्टवरचे काम तपासूनही बरोबर निघाले, तर पहिला संशय वेगाच्या या गुणकावर घ्यावा.

दोन्ही उत्तरे 156.8 वर खरोखर सारखीच आहेत, हे मान्य केले पाहिजे. प्रश्न त्या एका वारंवारतेच्या बाहेर पडल्यावर सुरू होतो. चार्टवरचे प्रत्येक अंतर तरंगलांबीत आहे आणि प्रत्यक्षात कापलेली केबल सेंटीमीटरमध्ये आहे. वारंवारता बदलली की त्याच सेंटीमीटरांच्या तरंगलांब्या बदलतात, आणि तुकडा जितका लांब तितका तो बदल मोठा. अनेक बोटींवर रेडिओ आणि एआयएस एकाच अँटेनावर चालवतात, आणि एआयएसचे चॅनल 161.975 आणि 162.025 मेगाहर्ट्झला, म्हणजे चॅनल 16 च्या सुमारे 3.3 टक्के वर आहेत. स्टबचा परिणाम सुटा दिसावा म्हणून अँटेनाचा इम्पीडन्स तेवढ्या अंतरात बदलत नाही असे धरू. मग 162 वर पहिले उत्तर एसडब्ल्यूआर 1.07 देते आणि दुसरे 1.34.

याचे कारण चार्टवर डोळ्यांनी दिसते. दुसऱ्या उत्तरात लोडचा बिंदू जास्त फिरतो, म्हणून 162 वर तो छेद ओलांडून पुढे जातो. त्याच वेळी लांब स्टबचा ससेप्टन्स 1.155 वरून 1.36 वर चढतो, तर लाइनवरचा ऋण भाग उलट थोडा कमी होऊन 1.10 होतो. एक वाढतो आणि दुसरा घटतो, त्यामुळे ते एकमेकांना पुरते खोडू शकत नाहीत. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की दुसऱ्या जागेवर शॉर्टऐवजी उघड्या टोकाचा स्टब घेतला तर त्याची लांबी 0.1364 तरंगलांबी, म्हणजे 17.2 सेंटीमीटर होते आणि 162 वरचा आकडा 1.18 पर्यंत सुधारतो. पण उघडे टोक मुंबईच्या पावसात आणि खाऱ्या हवेत बंद राखणे कठीण असते. आत ओल गेली की त्या टोकाची धारकता बदलते आणि स्टब लांब झाल्यासारखा वागतो. शॉर्ट केलेले टोक सोल्डर करून बंदिस्त करता येते. म्हणून मी इथे पहिलेच उत्तर घेईन. मात्र प्रत्येक लोडला जवळचेच उत्तर चांगले असेल असा नियम नाही. दोन्ही उत्तरे पट्ट्याच्या टोकांवर मोजूनच निवड करावी लागते.

यापुढचा दावा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. अर्धी तरंगलांबी म्हणजे स्मिथ चार्टवर एक पूर्ण फेरी, त्यामुळे बिंदू जिथल्या तिथे परत येतो, हे गणित बिनचूक आहे. आता स्टब 18 फेऱ्या मागे, अँटेनापासून 11.41 मीटरवर आणला असे समजू. हे अंतर 156.8 वर 9.04 तरंगलांब्यांचे आहे. वारंवारता 3.3 टक्के वाढली की तेच अंतर 9.34 तरंगलांब्यांचे होते. ही 0.3 ची वाढ म्हणजे चार्टवर 216 अंश, अर्ध्या फेरीहून जास्त. जिथे 1 + j1.155 अपेक्षित होते तिथे 162 वर 0.35 − j0.19 हाती येते, आणि त्यात स्टबचे −j1.10 मिळवल्यावर एसडब्ल्यूआर 7.9 होतो. स्टब लावलाच नसता तर तो 3 राहिला असता.

हा हिशेब केबलमधला क्षय शून्य धरून केला आहे. आरजी-58 सारख्या बारीक केबलमध्ये या वारंवारतेला एवढ्या लांबीत सुमारे दोन डेसिबल क्षय होतो, आणि मग चार्टवरचा मार्ग वर्तुळ न राहता आत वळत जाणारी सर्पिल रेषा होतो. परावर्तनांक अँटेनापाशी 0.5 असतो, तो 11 मीटरवर सुमारे 0.3 उरतो. म्हणजे बिंदू योग्य दिशेला असतो, पण 1 च्या वर्तुळावर नसतो, आणि स्टब ज्या 156.8 साठी कापला त्याच वारंवारतेला एसडब्ल्यूआर 1.5 च्या वर राहतो. 162 वर क्षयामुळे आकडा 8 ऐवजी 5 च्या आसपास दिसतो. त्याशिवाय मधल्या पूर्ण केबलवर उभी लहर कायम राहते आणि त्यापायी आणखी सुमारे 0.8 डेसिबल वाया जातात. अर्ध्या तरंगलांबीची एखादी फेरी टी-कनेक्टर बसवण्याच्या सोयीसाठी घ्यावी लागली तर 162 वर किती बिघडते ते काढून घ्यावी. अकरा मीटर मागे येणे ही सोय नव्हे.

मीटरबद्दल थोडक्यात. रेडिओपाशी 1 दिसला तरी स्टब आणि अँटेना यांच्यामधल्या तुकड्यावर एसडब्ल्यूआर 3 च असतो; तुकडा पाच सेंटीमीटरचा असेल तर त्याने बिघडत नाही. खरा धोका वेगळा आहे. केबलमध्ये पाणी शिरून तीन डेसिबल क्षय होत असेल, तर अँटेनापाशी 3 असलेला एसडब्ल्यूआर रेडिओपाशी 1.67 दिसतो, आणि अँटेना पुरती तुटली तरी मीटर 3 च दाखवतो. म्हणून मोजमाप स्टबच्या सांध्यापाशी करावे.

त्यासाठी आजकाल सहज मिळणारा छोटा व्हीएनए पुरतो. आधी स्टब सुटा मोजावा: 14.3 सेंटीमीटरच्या शॉर्ट स्टबने 156.8 वर सुमारे +j43 ओहम दाखवले पाहिजेत. कमी दाखवले तर तो आखूड आहे, जास्त दाखवले तर लांब. म्हणून सुरुवातीला तो एक सेंटीमीटर जास्त ठेवून टोक कापत आणि पुन्हा सोल्डर करत खाली यावे. टी-कनेक्टरची स्वतःची लांबीही 5.3 सेंटीमीटरमध्ये मोजायला विसरू नये. तिथली एक सेंटीमीटरची वाढ एसडब्ल्यूआर 1.14 पर्यंत नेते. सगळे जोडल्यावर सांध्यापाशी कॅलिब्रेट केलेल्या ॲडमिटन्स चार्टवर बिंदू कुठे पडतो ते पाहावे. तो 1 च्या वर्तुळावर असून केंद्राच्या वर किंवा खाली सरकलेला असेल तर जागा बरोबर आहे आणि फक्त स्टबची लांबी चुकली आहे. तो त्या वर्तुळावरच नसेल तर स्टब कितीही कापून उपयोग नाही. अँटेना आणि सांधा यांमधला तुकडा बदलावा लागेल.