हायड्रॉलिक तेल: बदलू नये, फक्त ओतत जावे

अखेर स्वतःचा जेसीबी घेतलात, अभिनंदन. कंपनी कोणतीही असो, साइटवर बॅकहो लोडरला जेसीबीच म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणू. हप्ता, डिझेल आणि ऑपरेटरची उचल सांभाळता सांभाळता हायड्रॉलिक तेलाकडे बघायला तुम्हाला फुरसत नाही, हे जाणूनच हा सल्ला.

पहिली गोष्ट, मशीनबरोबर आलेलं पुस्तक. ते सीटखाली प्लॅस्टिकमध्ये आहे, तिथेच राहू द्या. उघडलंत तर आत एक तक्ता दिसेल: बाहेर इतकं तापमान असेल तर ३२, इतकं असेल तर ४६, त्याहून जास्त असेल तर ६८. हे आकडे म्हणजे ४० अंशांना तेल किती घट्ट आहे त्याचं माप. तुमचं मशीन मात्र ४० अंशांवर चालत नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे दुपारी टाकीतलं तेल ८० अंशांपर्यंत गेलं, तर तिथे ४६ चं माप उतरून ११-१२ वर येतं आणि ६८ चं १५ च्या आसपास. पंपाच्या आतून तेल निसटायला लागतं, ताकद कमी होते, निसटलेल्या तेलाने आणखी गरमी होते. ऑपरेटर म्हणतो, "शेठ, जेवणानंतर मशीन ढिली पडते." तुम्ही म्हणा, "जेवणानंतर तूच ढिला पडतोस." विषय संपला.

हाच ६८ डिसेंबरात सकाळी सात वाजता पंपाला ओढवत नाही, पंप किंचाळल्यासारखा आवाज करतो. तेव्हा घाई करा. दहा मिनिटं रिकामं चालवून तेल गरम होऊ देणं म्हणजे फुकटचं डिझेल जाळणं. थेट बकेट भरा.

ग्रेड ठरली नाही तरी बिघडत नाही, कारण पातळी कमी झाली की साइटवर जो डबा असेल तो ओतायचा असतो. बहुतेक वेळा तो ट्रकचा, १५डब्ल्यू-४० चा निघतो. तेल ते तेल. हायड्रॉलिकच्या मापात तो १०० ग्रेडच्या जवळ जातो, हे डब्यावर कुठे लिहिलंय? शिवाय इंजिन तेलातला साबणासारखा भाग पाणी धरून ठेवतो. चांगलं हायड्रॉलिक तेल टाकीत स्थिर राहिलं की पाणी खाली बसतं आणि ड्रेन प्लगमधून काढता येतं. तुमच्या मिश्रणात ते बसणारच नाही, मग काढायचा त्रासही नाही. तेल दुधाळ दिसलं आणि मिस्त्रीने तापलेल्या तव्यावर एक थेंब टाकून तडतडणारा आवाज ऐकवला, तर सांगा, पावसाळा आहे, थोडं पाणी असणारच.

आता पातळी. पुस्तकवाले म्हणतात, सपाट जागेवर उभं करा, लोडरची बकेट जमिनीवर टेकवा, मागचा बूम रस्त्यावर चालवताना ठेवतो तसा दुमडून घ्या आणि मग टाकीवरची पातळी दाखवणारी काच बघा. तुम्ही खोदता खोदता, बूम लांब पसरलेला असताना काच बघा. सिलिंडर बाहेर आले की त्यांच्यात जास्त तेल मावतं, टाकीत कमी दिसतं. लगेच भर घाला. संध्याकाळी दुमडल्यावर तेच तेल टाकीच्या हवेच्या वाटेने, म्हणजे ब्रीदरमधून बाहेर येईल आणि ऑपरेटरवर गळतीचा आरोप करायला तुम्हाला कारण मिळेल.

तासांचा हिशेब मात्र नीट समजून घ्या, कारण तो टाळण्यासाठी मेहनत लागते. बहुतेक बॅकहोंना तेल २००० तासांच्या आसपास बदलायला सांगतात, फिल्टर त्याच्याही आधी. तुमच्या मशीनचा नेमका आकडा त्याच न उघडलेल्या पुस्तकात आहे.

एक उदाहरण घेऊ. दिवाळीला मीटरवर ४००० तास असताना मागच्या मालकाने तेल बदलून दिलं. रोज आठ तास, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे महिन्याला २००. पाच महिने नाला खोदला, मीटर ५०००. मग काळा पाषाण लागला, मागे रॉक ब्रेकर लावला आणि दोन महिने फोडलं, मीटर ५४००. तुमचा हिशेब सरळ: ६००० ला अजून ६०० बाकी, म्हणजे तीन महिने. पण ब्रेकर चालतो तेव्हा तेलाला धक्के बसतात, ते जास्त तापतं आणि छिन्नीजवळची धूळ आत ओढली जाते. म्हणून ब्रेकरच्या कामाला तेलाचे तास वेगळे आणि बरेच कमी दिलेले असतात. समजा तुमच्या मशीनला ते ८०० आहेत. मग खोदाईच्या १००० तासांनी निम्मं आयुष्य खाल्लं, ब्रेकरच्या ४०० तासांनी उरलेलं निम्मं. ५४०० लाच तेल संपलं आणि तुमचे तीन महिने अजून सुरूही झाले नाहीत. हे गणित इतकं कटकटीचं आहे की मीटरची वायर सुटली तर जोडू नका, हाच उत्तम उपाय.

फिल्टरचं तर कौतुक करावं तितकं थोडं. रिटर्न फिल्टरला एक बायपास व्हॉल्व्ह असतो. फिल्टर चोंदला की तो उघडतो आणि तेल गाळल्याशिवाय पुढे जातं. मशीन थांबत नाही, आवाज नाही, तक्रार नाही. त्यामुळे फिल्टर अजून चालतोय असं छातीठोकपणे म्हणता येतं. पंप आणि कंट्रोल व्हॉल्व्हमधली फट काही मायक्रॉनची आणि माणसाच्या डोळ्याला ४० मायक्रॉनच्या खालचा कण दिसत नाही, हे खरं. पण जो कण दिसत नाही त्याचं बिल कोण मागतो? बिल पुढच्या वर्षी येतं, तेही पंपाच्या नावाने.

रात्री बकेट उचलून उभी ठेवलेली आणि सकाळी जमिनीला टेकलेली दिसली, तर भुताखेतावर ढकला. सिलिंडरचं सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्हमधला स्पूल झिजलाय असं मिस्त्री म्हणेल. त्याला पाणी पाजा आणि घरी पाठवा.

कधी चुकून तेल बदलायची हुक्की आलीच, तर टाकी तेवढी रिकामी करा. सिलिंडर, होज आणि कूलरमध्ये अडकलेलं काळं तेल तसंच राहू द्या, नव्याला जुन्याची सोबत हवी. होज सोडून, सिलिंडर पूर्ण आत-बाहेर करून ते काढायला अर्धा दिवस जातो आणि मशीनचं भाडं तासावर असतं.

पूर्ण काळजी घ्यावी अशी वेळ मशीनच्या आयुष्यात एकदाच येते, विकायच्या आदल्या दिवशी. तेव्हा टाकीत स्वच्छ, पिवळसर तेल भरा, फिल्टरच्या डब्यालाही बाहेरून रंग मारा. घेणारा काचेतला रंग बघून खूश होईल. काचेपलीकडे काय आहे ते बघायला तो तरी कशाला पुस्तक उघडेल? त्याने हा लेख आधीच वाचलेला असेल.