रस्ता मोकळा असला तरी

भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये पहिले बारा महिने गाडी चालवता येते. मग दुष्काळात म्हणतात तो तेरावा महिना उजाडतो, आणि पुण्याच्या पेठांतून उलटसुलट गाडी काढलेला माणूस कायद्याच्या नजरेत एकदम शिकाऊ ठरतो. भारताचं लायसन्स इथे नुसतं बदलून मिळत नाही. आधी थिअरी, मग प्रत्यक्ष परीक्षा. मी या देशात नवऱ्याच्या बरीच आधी आले, त्यामुळे माझी परीक्षा केव्हाच उरकली होती. आता त्याची चालू आहे, आणि ती तो एकटा देत नाही, आम्ही दोघं देतो. तो प्रश्न सोडवतो आणि मी त्याचे आक्षेप ऐकते.

थिअरीत पन्नास प्रश्न असतात आणि त्रेचाळीस बरोबर यावे लागतात. अंतरं, वेग, प्रथमोपचार असलं सगळं त्याने पटापट पाठ केलं. गाडी अडली ती स्टॉप आणि गिव्ह वे या दोन पाट्यांवर.

सरावाच्या प्रश्नात स्टॉपची पाटी दाखवली होती. खाली चार पर्याय: वाहन येत असेल तरच थांबा, रस्ता मोकळा असला तरी थांबा, मुलं उभी असतील तरच थांबा, लाल दिवा असेल तरच थांबा. त्याने शांतपणे पहिल्यावर बोट ठेवलं.

“चूक,” मी म्हटलं.

“का? कोणी येतच नसेल तर थांबायचं कोणासाठी?”

“पाटीसाठी.”

“पाटीला काय कळतंय मी थांबलो का नाही ते!”

वर्गात बाई समोर बघत असतात, तुम्ही पहिल्या बाकावर बसलेले दिसत असता, तरी नाव घेतल्यावर ‘हजर’ म्हणावंच लागतं. स्टॉपचं तसंच आहे. चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, तीही रेषेच्या अलीकडे. गिव्ह वेला मात्र निर्णय तुमचा. मुख्य रस्त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्यायचं, त्यासाठी थांबावं लागलं तर थांबायचं, आणि रस्ता खरोखर मोकळा दिसत असेल तर वेग कमी करून, बघत बघत, न थांबता निघायचं. फरक एवढाच. पण प्रश्न काढणाऱ्यांनी या एवढ्याशा फरकावर किती मजले चढवलेत!

पहिला मजला आकारांचा. पाटीवर बर्फ साचलंय, अक्षर दिसत नाही, तर ही पाटी कसली? अष्टकोनी असेल तर स्टॉप, उलटा त्रिकोण असेल तर गिव्ह वे. हे आकार दुसऱ्या कुठल्या पाटीला देतच नाहीत, म्हणजे अक्षरं झाकली गेली तरी बाह्यरेषेवरून ओळखता याव्यात. आपल्याकडेही हेच आकार आहेत हे मी सांगितल्यावर नवरा म्हणाला, “आपल्याकडे बर्फ नसतं. वाढदिवसाचे फ्लेक्स असतात.” हा मुद्दा मी मान्य केला. मात्र टोक वर असलेला त्रिकोण हा धोक्याचा इशारा. घाईत चित्र बघणारे इथेच एक गुण घालवतात.

दुसरा मजला रेषांचा. स्टॉपला रस्त्यावर आडवी एकच जाड सलग रेषा, गिव्ह वेला तुटक रेषांची जोडी. प्रश्नात पाटी नसलेलं जंक्शन दाखवतात, नुसत्या तुटक रेषा. नवऱ्याचं उत्तर: “पाटी नाही, म्हणजे नियम नाही.” हा विचार कुठून येतो ते मला माहीत आहे, मी त्याच गावची आहे. पण इथल्या कितीतरी लहान गल्ल्यांच्या तोंडाशी पाटी नसते, फक्त त्या तुटक रेषा असतात, आणि त्या दिसल्या की मुख्य रस्त्याला वाट द्यावीच लागते.

यात भर म्हणून न्यू जर्सीहून दिरांचा फोन आला. “अरे, सोपं आहे. चारही बाजूंना स्टॉप असतो, जो आधी आला तो आधी निघतो. आणि मनात तीन आकडे मोजायचे.” अमेरिकेतल्या चौकाचं ज्ञान इंग्लंडच्या परीक्षेत घातक असतं. इथे स्टॉप असतो तो बाजूच्या रस्त्याला. मुख्य रस्त्यावरच्या गाडीचा हक्क कायम, मग तुम्ही तिथे कितीही वेळ आधीपासून तिष्ठत असा. आणि किती सेकंद थांबायचं हे नियमात कुठेच नाही. पूर्ण थांबायचं, आणि सुरक्षित फट मिळेपर्यंत थांबून राहायचं, बस. नवरा मात्र अजून पुटपुटत तीन मोजतो. भावाचा शब्द.

आमच्या गल्लीच्या टोकाला स्टॉपच आहे, कारण कोपऱ्यावरच्या घराचं कुंपण माणसाहून उंच वाढलंय. अशी न दिसणारी तोंडं असतात तिथेच स्टॉप लावतात; दिसत असतं तर गिव्ह वेवर भागलं असतं. परवा आमच्या पुढे एक पांढरी व्हॅन होती. ती रेषेशी थांबली, तिच्यामागे आम्ही थांबलो. व्हॅन गेली आणि नवऱ्याने तिच्या पाठोपाठ गाडी सोडली.

मागच्या सीटवरून मी काही बोलायच्या आत इन्स्ट्रक्टरने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. “तुम्ही थांबलात कुठे?”

“आत्ताच. त्या व्हॅनमागे.”

“ते व्हॅनमुळे. रेषेसाठी अजून थांबायचंय.”

म्हणजे पुढच्याने थांबून दिलेला थांबा आपल्या खात्यात जमा होत नाही. प्रत्येक गाडीने रेषेशी येऊन स्वतःचं थांबायचं. मग तो रेषेशी थांबला. समोर फक्त कुंपण. “आता काहीच दिसत नाहीये,” तो विजयी सुरात म्हणाला. इन्स्ट्रक्टर म्हणाले, “बरोबर. म्हणून आता हळूहळू पुढे सरकायचं, दिसेल तिथवर. गाडी येताना दिसली तर परत थांबायचं.” एका पाटीसाठी दोनदा थांबायचं हे ऐकून नवऱ्याने आरशातून माझ्याकडे असं पाहिलं, जणू या देशात यायचा हट्ट मी धरला होता. प्रत्यक्ष परीक्षेत बारीक चुका पंधरापर्यंत माफ असतात, पण रेषेवरून गोगलगायीच्या वेगाने का होईना, न थांबता सरकलं की गंभीर चूक. ती एकच पुरते, रस्ता अगदी रिकामा असला तरी. आणि पोलिसांनी धरलं तर लायसन्सवर स्टॉपचा स्वतंत्र गुन्हा लागतो, टीएस३० नावाचा, तीन पॉइंटांसह.

राहिला खुणा नसलेला चौक. ना पाटी, ना रेषा, दोन बाजूंनी दोन गाड्या. हक्क कोणाचा? भारतात 1989च्या नियमांत अशा ठिकाणी उजवीकडच्याला वाट द्यायला सांगितली होती, त्यामुळे मी पूर्वी हेच घोकलं होतं, आणि इथल्या गोल चौकात उजवीकडच्याला मान असल्याने तेच उत्तर अगदी खरं वाटतं. पण इथे ते चूक आहे. बरोबर उत्तर: हक्क कोणाचाच नाही, दोघांनीही जपून.

हा प्रश्न नवऱ्याने पर्याय पूर्ण न वाचताच बरोबर सोडवला. स्पष्टीकरण विचारलं तर म्हणाला, “इथे काय शिकायचंय? हे आम्हाला येतं.”