पाव बेचाळीस, माणसं नऊ

"रिप्लायला नुसता इमोजी टाकणं म्हणजे समोरच्याला कटवणं. त्यापेक्षा स्टिकर बरा, आणि जीआयएफ सगळ्यांत उत्तम. चित्र जितकं मोठं आणि हलतं, तितकी भावना स्पष्ट पोचते. इमोजी प्रत्येक फोनवर वेगळा दिसतो, स्टिकर-जीआयएफ सगळ्यांना सारखेच. डेटाचं काय, आता पाण्यासारखा आहे. पटलं तर पुढे पाठवा."

गणपतीच्या चवथीपासून हा मजकूर मला तीन ग्रुपांवर आला. पटला नाही म्हणून पुढे पाठवला नाही. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावात जत्रेला मराठी नाटक होतं आणि ते करणाऱ्या मंडळाची चिटणीस या नात्याने ग्रुपवरचे निरोप माझ्याकडे असतात. त्यामुळे यातल्या प्रत्येक वाक्याची किंमत मी चुकवलेली आहे, तीही पावांच्या हिशेबात.

आधी ती गोष्ट सांगते. तालमीला चहा, पातळभाजी आणि पाव असतात, आणि पाव देणाऱ्या पदेराला आदल्या दिवशी आकडा द्यावा लागतो. मी लिहिलं, "शनिवारी सातला तालीम, सभामंडपात. कोण कोण येणार?" चौदा जणांची उत्तरं आली. दोघांनी "येतो" असं लिहिलं, तिघांनी 👍 टाकला, चौघांनी 🙏, तिघांनी स्टिकर आणि दोघांनी जीआयएफ. कोणीही "नाही" म्हटलं नव्हतं, म्हणून मी माणशी तीनप्रमाणे बेचाळीस पाव सांगितले. आले नऊ जण.

दुसऱ्या दिवशी एकेकाला विचारत बसले. लिहिणारे दोघे आणि 👍 वाले तिघे आले होते, तिथे गडबड नव्हती. 🙏 वाल्या चौघांपैकी दोघे आले. तिसऱ्याचे हात "माफ करा, जमणार नाही" म्हणून जोडलेले होते आणि चौथ्याचे "कळवल्याबद्दल आभार" म्हणून. स्टिकरांत एक फुलांचा नमस्कार होता, तो माणूस आला. झोपलेल्या मांजराचा अर्थ "दमलोय" असा होता. तिसऱ्या स्टिकरवर नुसतं "वा!" होतं आणि ते पाठवणारी मावशी नाटक बघायला येते, तालमीला नाही. जीआयएफमध्ये एक माणूस जिवाच्या आकांताने पळत होता. मला वाटलं हा पळाला. तो पणजीहून ऑफिस सुटल्यावर धावत आला. दुसरा जीआयएफ माझ्या फोनवर उघडलाच नाही. पंधरा पाव उरले.

आता पहिल्या वाक्याकडे वळते. इमोजी टाकून माणूस सुटतो असं कॅनडातल्या एका शेतकऱ्यालाही वाटलं होतं. धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये जवसाच्या कराराचा फोटो त्याच्या फोनवर पाठवून मान्य असल्याचं कळवायला सांगितलं. त्याने 👍 पाठवला. पुढे भाव चढले आणि माल काही पोचला नाही. सस्कॅचवान प्रांतातल्या न्यायालयाने २०२३ मध्ये तो अंगठा सहीच्या तोलाचा धरला आणि ८२ हजार डॉलरांहून जास्त भरपाई द्यायला लावली. २०२४ मध्ये अपिलातही निकाल कायम राहिला. यातली खरी गंमत न्यायाधीशांच्या कारणात आहे. याच शेतकऱ्याने आधीच्या करारांना तशीच एक-दोन शब्दांची उत्तरं दिली होती आणि प्रत्येक वेळी माल पोचवला होता, म्हणजे त्या दोघांत असल्या उत्तराचा अर्थ ठरलेला होता. आमच्याकडे 👍 चा अर्थ न ठरवताही ठरलेला होता. 🙏 चा नव्हता, आणि तो दोष चिन्हाच्या आकाराचा नाही. तेच हात पडदाभर मोठे केले असते तरी ते माफीचे की आभाराचे, ते कळलं नसतं.

"मोठं आणि हलतं" याबद्दल आमच्या पेटीवाल्या काकांना विचारा. त्यांना दिसत नाही. फोन त्यांना पडद्यावरचं वाचून दाखवतो. इमोजी हे फोनच्या लेखी अक्षरच आहे. प्रत्येकाला युनिकोड या जगभरच्या अक्षरयादीतला क्रमांक आहे, 🙏 चा U+1F64F, आणि प्रत्येकाला ठरलेलं नावही आहे. त्यामुळे वाक्याच्या ओघात फोन ते नाव उच्चारतो आणि काकांना कळतं की कोणी हात जोडलेत. स्टिकर आला की बहुतेक वेळा नुसतं "स्टिकर" ऐकू येतं. बनवणाऱ्याने आत वर्णन भरलेलं असेल तरच पुढचं कळायचं. जीआयएफचं तर त्याहून अवघड. म्हणजे आपण सगळ्यांत मोठी भावना पाठवली आणि त्यांच्या कानावर तीन इंग्रजी अक्षरं पडली. (इमोजीवाल्यांनीही फार खूश होऊ नये. एकाच हसऱ्या चेहऱ्याची रांग लावली की काकांना तेच नाव पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं.)

ज्यांना दिसतं त्यांनाही हलत्या चित्राचा अर्थ आधी माहीत असावा लागतो. `GIF` च्या खणात शोधलं की बहुधा परदेशी मालिकेतला एखादा भुवई उडवणारा नट पुढे येतो. तो प्रसंग पाहिलेल्याला त्यातला टोमणा कळतो, आमच्या आजीला मात्र एक अनोळखी पुरुष आपल्याकडे बघून भुवई उडवताना दिसतो. याउलट, गेल्या जत्रेत खलनायकाची मिशी ऐन भाषणात गळून पडली, त्या व्हिडिओचा पाच सेकंदांचा तुकडा आमच्या ग्रुपवर कायम चालतो. व्हॉट्सॲपवर सहा सेकंदांपर्यंत कापलेला व्हिडिओ पाठवण्याआधी जीआयएफ करता येतो. कोणी शेखी मिरवली की ती मिशी गळते. तिथे इमोजी खरंच फिका पडेल. पण ते चालतं कारण त्या रात्री आम्ही सगळे तिथे होतो.

सारखं दिसण्याचा मुद्दा अर्धा मान्य करायला हवा. इमोजी पाठवताना चित्र जात नाही, क्रमांक जातो, आणि पलीकडचा फोन आपल्याकडच्या चित्रांतून ते काढून दाखवतो. २०१६ मध्ये ॲपलने पिस्तुलाच्या इमोजीची पाण्याची पिचकारी केली. इतर मोठ्या कंपन्यांनी बदल करेपर्यंत इथून पिचकारी पाठवली तर तिथे खरं पिस्तूल दिसत असे. व्हॉट्सॲप अँड्रॉइडवर स्वतःची चित्रं वापरतं, आयफोनवर ॲपलची, म्हणून आजही थोडा फरक पडतो. फोन जुना आणि इमोजी नवा असेल तर रिकामा चौकोन येतो. स्टिकर मात्र चित्रच असल्यामुळे जसाच्या तसा पोचतो, हे खरं.

पण चित्र सारखं असलं म्हणून वाचन सारखं होत नाही. 😪 हा चेहरा आमच्या ग्रुपवर दुःखाच्या बातमीखाली हमखास दिसतो. तो थेंब अश्रूचा नाही, नाकातून निघालेला फुगा आहे. जपानी चित्रकथांत झोपलेला माणूस असा काढतात. कोणाच्या तरी निधनाखाली आम्ही वर्षानुवर्षं डुलक्या काढतोय. आमच्यात सगळेच तो अश्रू समजून पाठवतात आणि अश्रू समजूनच वाचतात, म्हणून निभावतं.

निधनाचा विषय निघालाच आहे तर स्टिकरची एक खोड सांगते, जी त्या मजकुरात कुठेच नाही. इमोजी टाइप केल्यावर पाठवण्याचं बटण दाबावं लागतं. जीआयएफ निवडला की आधी मोठा करून दाखवला जातो, खाली दोन शब्द लिहायलाही जागा मिळते. स्टिकरला बोट लागलं की तो गेला. त्यात नुकतेच वापरलेले स्टिकर सगळ्यांत वर येतात. काल वाढदिवसाला नाचणारा उंदीर पाठवला असेल, तर आज "भावपूर्ण श्रद्धांजली"च्या शेजारी तो उभाच असतो. आमच्या प्रकाशयोजनावाल्या भाऊने हा उंदीर नको तिथे सोडला होता. सगळ्यांसाठी पुसून टाकता येतो, पण मेसेज पुसल्याची ओळ मागे राहते, आणि काय पुसलं असेल याची चर्चा तेराव्यापर्यंत चालते. दुःखाच्या जागी मी तरी स्टिकर वापरत नाही. शब्द लिहावेत, आणि शब्द सुचत नसतील तर 🙏 पुरे. तिथे त्याचा दुसरा अर्थ कोणी लावत नाही.

डेटाचं उत्तर थोडक्यात देते, कारण पणजीत बसून ते वाक्य चुकीचं वाटणारच नाही. 🙏 ला ४ बाइट लागतात. गंमत म्हणजे "नमस्कार" देवनागरीत लिहिला तर २१ लागतात. व्हॉट्सॲपच्या नियमाप्रमाणे साध्या स्टिकरची मर्यादा १०० केबी, हलत्याची ५००. जीआयएफ म्हणून जे दिसतं तो तिथे बिनआवाजाचा छोटा व्हिडिओ असतो. शहरात हा फरक जाणवत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली आणि पाठोपाठ नेटवर्क बसलं की इमोजी कसाबसा येऊन पडतो, जीआयएफच्या जागी मात्र धुरकट चौकोन बसतो. बेचाळीस पावांपैकी तीन त्या चौकोनातले. आत कोणीतरी पावसात छत्री धरून बसलेला होता, म्हणजे "नाही जमणार". सोमवारी उघडला.

त्यानंतर मी प्रश्न बदलला. "शनिवारी सातला तालीम. येणार असाल तर याच मेसेजवर 👍, नसाल तर 😢. शुक्रवारी सहापर्यंत." मेसेजवर बोट दाबून धरलं की प्रतिक्रियांची पट्टी येते. एका माणसाची एका मेसेजवर एकच प्रतिक्रिया राहते, मन बदललं तर जुनी जाऊन नवी बसते, आणि खाली बोट लावलं की नावांसकट यादी मिळते. शिवाय उत्तर त्या प्रश्नालाच चिकटून राहतं, मध्ये चाळीस मेसेज आले तरी. तिथे 🙏 मी मुद्दाम ठेवला नाही. मतदानाची सोयही आहे, पण आमच्या मंडळात मतदान म्हटलं की अध्यक्षपदाची आठवण निघते.

स्टिकर बंद झालेले नाहीत. पाव मोजून झाले की यायला लागतात. दिग्दर्शकांचा कपाळावर हात मारलेला फोटो त्यांच्या परवानगीने स्टिकर झालाय आणि संवाद विसरणाऱ्याला तो लगेच जातो. परवाच्या तालमीला 👍 अकरा होते, मी छत्तीस पाव सांगितले. बाराव्या पेटीवाल्या काकांचा फोन आला होता.