अर्धा किलो साखर आणि एक फेब्रुवारी

आमच्या दुकानाची उधारीची वही जुलैच्या पावसात नाही, खोबरेल तेलात बुडाली. फळीवरचा डबा कलंडला आणि रात्रभर ठिबकत राहिला. सकाळी बाबांनी वही उघडली तेव्हा पानं पापडासारखी पारदर्शक झाली होती. मास्तरांच्या साखरेच्या खालून मागच्या पानावरचा ट्रकवाल्याचा गूळ दिसत होता, आणि कुणी काय नेलं याचा निर्णय पान उजेडात धरल्याशिवाय लागत नव्हता.

मी पणजीला एका कार्यालयात हिशेब बघते. शनिवार-रविवार डिचोलीकडच्या आमच्या गावी येते, जेवते आणि झोपते. त्या शनिवारी जेवताना मी म्हणाले, "बाबा, हे सगळं मी एक्सेलमध्ये घालून देते. एका दुपारचं काम."

एक दुपार म्हणजे आमच्याकडे एक ते चार. त्या वेळात अख्ख्या गोव्याची शटरं खाली असतात, गिऱ्हाईक येत नाही, कुत्रंसुद्धा भुंकत नाही. माझ्या अशा पाच दुपारी गेल्या.

पहिली अडचण नावांची. घरात आम्ही कोंकणी बोलतो, वही मात्र आजोबांपासून मराठीत चालते. पण या मराठी वहीत एकही माणूस नावाने नाही. "पिंपळ", "पिंपळ धाकटी", "मास्तर", "ट्रक", "ट्रक दुसरा", "मुंबईकर". हे मुंबईकर गेली चाळीस वर्षं गावातच आहेत, एकदा मुंबईला जाऊन आठवड्यात परत आले होते. मी विचारलं, "खरी नावं लिहू ना?" बाबा म्हणाले, "मग मला कसं कळणार कोण ते?"

दुसरी अडचण माझ्या हुशारीची. मी प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं शीट केलं. खाती 63, म्हणून शीटही 63. खाली टॅबची अशी रांग लागली की पिंपळाकडून मास्तरांकडे जायला मडगावला जाण्याइतका वेळ लागे. आणि गावाची एकूण उधारी किती हे विचारायची सोय नाही, कारण बेरीज 63 खोल्यांत कोंडलेली. दुसऱ्या दुपारी सगळं पुसलं आणि कार्यालयात नव्या पोरांना जे मी स्वतः शिकवते ते केलं. एकच शीट, एका व्यवहाराला एक ओळ, रकाने सहा : तारीख, खातं, जिन्नस, माप, नावे, जमा. माणूस वेगळा काढायचा असेल तर गाळणी लावायची.

मग मी लिहायला बसले. मास्तर, साखर, आणि मापाच्या रकान्यात बाबांच्या अक्षराला जागून 1/2. एंटर मारलं तर तिथे 01-Feb. मला वाटलं माझं बोट घसरलं. परत 1/2, परत 01-Feb. तिरकी रेघ दिसली की एक्सेलला तारीखच दिसते. त्याच्या लेखी मास्तरांनी साखर एक फेब्रुवारीला नेली होती, डाळ एक एप्रिलला (पाव किलो) आणि उकडे तांदूळ तीन एप्रिलला (पाऊण किलो). मी चतुरपणे त्या घरांची मांडणी बदलून साधा आकडा केली. तारीख नाहीशी झाली आणि तिथे 45323 आला. एक्सेल तारखा 1900 सालापासूनच्या दिवसांच्या मोजणीत ठेवतं, आणि 2024 च्या एक फेब्रुवारीला तो आकडा होतो. पण हे मला आठवायच्या आधी मागे उभ्या बाबांनी वाचलं.

"पंचेचाळीस हजार किलो साखर? मास्तरांना?"

एकदा तारीख झालेल्या घरातून अर्धा किलो परत मिळत नाही. पुसून 0.5 असं नव्याने लिहावं लागतं. त्या दुपारी मी पावणेतीनशे घरं पुसली.

आता बेरीज. नावेचा रकाना खालपर्यंत निवडला, बेरीज घातली. गावाची एकूण उधारी : तीनशे चाळीस रुपये.

बाबा हसले. "मला वाटायचंच की या धंद्यात काही नाही."

गोम अशी की बाबा रक्कम लिहिताना पुढे दोन रेघा मारतात, 120/- अशा. मीही इमानाने तसंच टंकलं होतं. त्या रेघांमुळे एक्सेलला तो आकडा वाटतच नाही, शब्द वाटतो, आणि बेरीज करताना तो शब्दांवरून गुपचूप पुढे जातो. तक्रार नाही, लाल खूण नाही. ओळखायची खूण एकच : खरा आकडा घराच्या उजव्या भिंतीला टेकतो, शब्द डाव्या. माझा अख्खा रकाना डावीकडे टेकून बसला होता, उजवीकडे फक्त चारच घरं. ती चार बाबांनी घाईत, रेघा न मारता लिहिली होती. शोधा-आणि-बदला मध्ये "/-" घालून, त्याच्या जागी काहीच न देता, सगळ्या रेघा एका फटक्यात उडवल्या. आकडे सटासट उजवीकडे सरकले. रेघा मारायची ही जुनी खोड कुठून आली कोण जाणे, असं मी जरा मोठ्याने म्हणाले. बाबा काही बोलले नाहीत.

आता प्रत्येक खात्याची बाकी काढायची. पिंपळापासून सुरुवात केली.

```
=SUMIFS(E:E,B:B,"पिंपळ")-SUMIFS(F:F,B:B,"पिंपळ")
```

म्हणजे पिंपळाच्या नावे लिहिलेलं सगळं, वजा तिची जमा. उत्तर 2165. वहीत पानाच्या तळाशी बाबांचं ठसठशीत 2615. फरक 450.

"तुझं यंत्र चुकलं," बाबा म्हणाले. "पिंपळाचा आकडा मला झोपेत विचार."

हिशेबनीसांची एक जुनी युक्ती आहे. फरकाला नऊने भाग जातो का ते बघायचं. गेला, तर बहुतेक वेळा कुठेतरी दोन अंक शेजाऱ्यांसारखे जागा बदलून बसलेले असतात. नाही गेला आणि फरक सम असला, तर त्याच्या निम्म्याची रक्कम शोधायची, ती जमेऐवजी नावे पडलेली असू शकते. 450 ला नऊने भाग जातो. मी तेलकट पान उजेडात धरलं. मागच्या पानाच्या तळाशी बाकी 1270. पुढच्या पानाच्या डोक्यावर "मागील बाकी" 1720. पान उलटताना दोन आणि सात यांनी जागा बदलली होती. मी नोंदी एकेक करून घातल्या होत्या, मागील बाकी घेतलीच नव्हती, म्हणून माझ्याकडे ती चूक आली नाही. नव्या पानावर पुढे 895 चढले होते. 1720 अधिक 895 बाबांचे, 1270 अधिक 895 माझे.

बाबांचा चेहरा उतरला. साडेचारशे रुपयांसाठी नाही. "तिच्याकडे वर्षभर मी जास्तीचे मागतोय," म्हणाले, आणि आतल्या खोलीत जाऊन चहा न पिता बसले.

तो विषय तसाच ठेवून मी पुढचं सुरू केलं. कार्यालयात ज्याने साहेब खूश होतात ते : उधारी किती दिवसांची. आजची तारीख वजा व्यवहाराची तारीख, नव्वदच्या वर गेलं की घर लाल. मग सगळ्यात जुनं सगळ्यात वर. पहिल्याच ओळीत ट्रकवाला. रक्कम 18,400. दिवस 4327.

"हे काय बाबा? बारा वर्षं!"

बाबांनी वहीतलं ते पान दाखवलं. रकमेभोवती पेन्सिलीने गोल. नोंद 14 सप्टेंबर 2012 ची. त्या महिन्यात सरकारने खाणी बंद केल्या, त्याही नेमक्या चवथीच्या तोंडावर. आमच्या भागात ज्याच्या दारात खाणीवरचा ट्रक उभा त्याच्या डोक्यावर बँकेचा हप्ता उभा. नारळ, गूळ, तांदूळ, तेल, सगळं उधारीवर गेलं, कारण गणपती काही खाणी सुरू व्हायची वाट बघत नाही. त्या माणसाने पुढे ट्रक विकला.

"पण तो तर रोज येतो दुकानात!"

"येतो. रोख घेतो. म्हणजे त्याच्या लक्षात आहे. उद्या मी मागितले तर तो कोपऱ्यावरच्या दुकानात जाईल. मग अठरा हजारही गेले आणि रोजचे दोनशेही गेले." माझ्या वकील चुलतभावाचं म्हणणं, अशी उधारी तीन वर्षांत वसूल केली नाही तर पुढे कोर्टही सहसा दारात उभं करत नाही. बाबांनी ते कोर्टाला न विचारता गोल काढून कधीच मिटवलं होतं.

माझ्या शीटमध्ये गोलाला रकाना नव्हता. सातवा घातला, "शेरा". त्यात निवडायची यादी दिली आणि बाबांना शेजारी बसवून एकेक खातं विचारत गेले. माझ्या यादीत "मागायचे" आणि "मागायचे नाही" असे दोनच पर्याय होते. चार वाजेपर्यंत ते नऊ झाले : "चवथीनंतर मागायचे", "बायकोसमोर मागायचे नाही", "तो विसरला आहे, आठवण करायची नाही", "मुलगा आखातातून आल्यावर", "आपलेच त्याला देणे आहे, गप्प राहायचे".

"मागायचे" ही गाळणी लावली. 63 पैकी खाती उरली सहा, रक्कम 3,910. त्यांतलं एक पिंपळाचं.

चारला शटर वर गेलं आणि समोर पिंपळाकडची मावशीच उभी, हातात कापडी पिशवी. बाबा गल्ल्यामागे एवढेसे झाले. शेवटी धीर करून म्हणाले, "मावशी, तुमच्या खात्यात माझी चूक झाली होती. साडेचारशे जास्त लागले."

"ठाऊक आहे रे," मावशी म्हणाली. "माझ्या कॅलेंडरवर दोन हजार एकशे पासष्टच आहेत. तुला कशाला सांगून वाईट वाटून द्यायचं? वरचे साडेचारशे मी कधी देणारच नव्हते." मग कनवटीची पिशवी काढून तिने एकशे पासष्ट रुपये मोजून ठेवले. "आता दोन हजार राहिले. तुझ्या लेकीच्या यंत्राला सोपं पडेल. आणि साखर दे अर्धा किलो."

मी जमेत 165 घातले. मापात 0.5, नावेत 22. बाकी 2022. बाबा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते, चष्मा नाकाच्या टोकावर.

"पुढे दोन रेघा मार गो बाय."

"बाबा, रेघांनीच तर सगळा घोळ झाला होता."

"रेघा नसतील तर बावीसच्या पुढे कुणीही शून्य घालेल. झाले दोनशे वीस. तुझ्या आजोबांच्या वहीत घातलं होतं एकाने."

मी थोडा वेळ गप्प बसले. मग दोन्ही रकाने निवडले, आकड्याची मांडणी उघडली आणि तिथे हे लिहिलं.

```
0"/-"
```

आत आकडा आकडाच राहिला, बेरजेतही धरला गेला, पण पडद्यावर 22/- दिसू लागलं. बाबांनी चष्मा वर सरकवला, वरपासून खालपर्यंत सगळा रकाना तपासला आणि साखर तोलायला वळले.