बुडबुड्यांचा निकाल

वाटाणे, वांगी आणि विज्ञान यांतलं काय आपल्याला जमतं याचा अंदाज माणसाने आधी घ्यावा. मी घेतला नाही. सातवीच्या वर्गात 'भौतिक आणि रासायनिक बदल' हा धडा 'अंदाज, निरीक्षण, स्पष्टीकरण' या पद्धतीने घ्यायचं ठरवलं आणि आदल्या रात्री बायकोच्या ओट्यावरून खायचा सोडा, चार लिंबं आणि आईच्या पानाच्या डब्यातला चुना उचलला. चुना पाण्यात कालवून रातभर ठेवला. सकाळी वरचं नितळ पाणी अलगद ओतून घेतलं. ही चुन्याची निवळी. हिच्यातून कार्बन डायऑक्साइड गेला की ती दुधाळ होते. आमच्या जळगावकडच्या उन्हात शाळेत पोचेपर्यंत फक्त मी दुधाळ झालो होतो.

पद्धतीचा नियम एकच: अंदाज आधी, पेनाने, कारणासकट. खोडरबर बंद. शेजारच्याच्या वहीत डोकावणंही बंद, कारण वर्गातली हुशार पोरगी चुकली की एकतीस जण एकदम चुकतात.

टेबलावर तीन गोष्टी मांडल्या. उकळतं पाणी, सोड्यावर पिळलेलं लिंबू, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या सोडावॉटरमध्ये टाकलेलं मीठ. प्रश्न असा की तिन्हीकडे बुडबुडे येतील, तर यांतला रासायनिक बदल कोणता?

जवळपास सगळ्यांनी लिहिलं, "तिन्ही. कारण बुडबुडे येतात." राग यायच्या आधी आठवलं, की 'वायू सुटला की रासायनिक बदल' हे गेल्या वर्षी मीच घोकून घेतलं होतं.

उकळत्या पाण्याचा निकाल झटपट लागला. वाफेवर गार ताटली धरली, थेंब जमले, पाण्याचं पाणीच. पुढे लिंबू. पाव चमचा सोड्यावर अर्धं लिंबू पिळलं, फसफसलं, थांबलं. उरलेलं अर्धं पिळलं, पुन्हा थोडं फसफसलं, मग थांबलं ते थांबलंच. तिसऱ्या अर्ध्याला काही झालं नाही. सोडा संपला होता. तो पाण्यात नुसता विरघळून बसला असता, तर तिसऱ्या अर्ध्यालाही फसफसला असता. त्याचं दुसरंच काही झालं होतं. "निरीक्षणात फक्त दिसलं ते लिहा," असं बजावूनही एकाने "सोडा मेला" असं लिहिलं. मी त्याला अर्धा गुण दिला.

आता सुटणारा वायू तपासायचा होता. बाटलीत नव्याने सोडा आणि लिंबू, झाकणाला भोक, त्यात नळी, फटीला कणीक, नळीचं टोक निवळीत. निवळी दुधाळ झाली आणि टाळ्या पडल्या. त्या नशेत मी फळ्यावर माझा अंदाज लिहून टाकला: 'सोडावॉटरच्या वायूने निवळी दुधाळ होणार नाही.' हा प्रयोग आदल्या रात्री मी करून पाहिला नव्हता. कारण एवढंच, की झोप येत होती.

सोडावॉटर आणणाऱ्याने वाटेत बाटली हलवली होती. झाकण फिरवताच पहिला फवारा माझ्या शर्टावर आला. उरलेल्यात मीठ टाकून नळी लावली.

"सर, हाईबी दूधनामायक व्हयनी!" मागचा बाक ओरडला.

तोच वायू! आता लिंबाचं रासायनिक आणि बाटलीचं भौतिक, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी घसा खाकरला, खिडकीतून केळीच्या बागेकडे पाहिलं. बागेला माझी काहीच पर्वा नव्हती.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली. तिच्या वडिलांचं सोडावॉटरचं दुकान आहे. "सर, आमचे बाबा टाकीतला गॅस जोर देऊन पाण्यात भरतात. झाकण उघडलं की दाब जातो, मग तो निघतो. गॅस आधीपासूनच आत असतो."

"मग मिठाने का फसफसलं?" मी विचारलं, कारण शिक्षकाने निदान प्रश्न तरी विचारावा.

तिने आवारातली मूठभर रेती धुवून आणली आणि दुसऱ्या बाटलीत टाकली. तीही फसफसली! रेतीची सोडावॉटरशी कसलीच रासायनिक ओळख नाही. खरखरीत कणांवर बुडबुड्यांना जमायला जागा मिळते, मीठही तेच करतं. बाटलीत तोंड उघडायच्या आधी जे होतं तेच बाहेर आलं. लिंबाच्या भांड्यात मात्र तो वायू आधी नव्हताच, तो तिथे तयार झाला. वायू एकच, पण त्याचा जन्म कुठे झाला ते बघायचं. मुलांनी स्पष्टीकरणात हे आपापल्या शब्दांत लिहिलं. मीही ते मुकाट्याने ऐकून पाठ केलं.

तास संपला. डस्टर घेऊन मी गुपचूप फळ्याकडे वळलो. 'खोडरबर बंद' हा नियम मीच केला होता, हे विसरून.

"सर," एकतीस तोंडं एका सुरात म्हणाली, "अंदाज पुसाना नही!"