‘काय बे’ ही शिवी नव्हे, बाकीच्यांचं काय?

गिऱ्हाइकांशी कसं बोलावं यावरच्या माझ्या आधीच्या लेखावर एका वाचकाची प्रतिक्रिया: “तुमचं म्हणणं असं की गिऱ्हाइकाने आईबहीण काढली तरी ‘हो साहेब’ म्हणायचं. वर दुकानाचे नियमही लपवायचे. एक लाचारी, दुसरी लबाडी. सरळ सुनवा, नियम तोंडावर फेका, विषय संपवा.”

लाचारीचा टोमणा मला लागला, कारण कुठे थांबायचं हे लिहायचं माझ्याकडून राहिलं होतं. ते सांगतोच, पण आधी गेल्या लग्नसराईतलं एक प्रकरण.

आमचं सोलापुरात चादर-टॉवेलचं दुकान. बाहेरगावच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात आणि तो मोबाईल काउंटरवरची मुलगी सांभाळते. लातूरच्या एकाने आहेरासाठी 40 चादरी मागवल्या, त्यातल्या 6 मरूनऐवजी हिरव्या गेल्या. चूक आमचीच. रात्री त्याचा मेसेज आला: दोन कचकचीत शिव्या, मग “तुमचा मालक कुठल्या पक्षाचा ते ठाऊक आहे मला”, आणि शेवटी “परवा लग्न आहे”. मुलीने उत्तर दिलं, “आधी भाषा सुधारा.” झालं! पुढचे वीसेक मेसेज भाषेवर, पक्षावर, सोलापूरच्या पाण्यावर. चादरीवर एकही नाही.

तुम्ही म्हणता तसं सरळ सुनावलंच होतं की तिने. विषय संपला नाही, फक्त बदलला.

सकाळी मी ते वाचलं. त्या पहिल्या मेसेजमध्ये उत्तर देण्यासारखी एकच गोष्ट होती, लग्नाची तारीख. मी लिहिलं: “6 चादरी चुकीच्या रंगाच्या गेल्या, चूक आमची. मरून 6 आज दुपारच्या गाडीने पाठवतो, संध्याकाळी लातूरला पोचतील. हिरव्या परत आणायचा खर्च आमचा. पत्ता तोच ना?” शिवीचा उल्लेख नाही, पक्षाचा नाही, “शांत व्हा” तर मुळीच नाही, कारण त्याने बोलणं पुन्हा त्याच्या वागण्यावरच येतं. शेवटचा प्रश्न मुद्दाम एका शब्दात उत्तर देता येईल असा ठेवला. माणूस कितीही तापलेला असो, तेवढं उत्तर देतो. त्याचं आलं: “हो तोच. खोक्यावर नाव नीट लिहा.” गाडी रुळावर.

आता थांबण्याचं. पहिल्या वेळी शिवीकडे काणाडोळा करून कामाचं उत्तर द्यायचं. दुसऱ्यांदा आली तर आमची मुलगी लिहिते, “चादरींचं काम मी पूर्ण करते, पण शिव्या असलेल्या मेसेजला उत्तर देणार नाही. चुकीच्या मालाचा फोटो पाठवा.” फोटो आला तर बोलणं जिवंत आहे. फोटो न येता पुन्हा शिवीच आली तर ती थांबते आणि मोबाईल माझ्याकडे येतो. धमकी किंवा मुलीला उद्देशून अश्लील शेरा असेल तर या पायऱ्या लागूच नाहीत. नंबर आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढायचे, चॅट पुसायचं नाही, मग ब्लॉक. लैंगिक शेरेबाजी भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 खाली गुन्हा आहे. तिथे गोड बोलायचं कारणच नाही.

(आणि ‘काय बे’ला शिवी धरू नका. पुण्याहून आलेल्या आमच्या एका पोराने ‘बे’ म्हणणाऱ्या तीन गिऱ्हाइकांना ब्लॉक केलं होतं. सोलापुरात असा दुकानदार आठवडाभर टिकायचा नाही.)

लबाडीचा आरोप मात्र मला मान्य नाही. माल किती दिवसांत परत घेतो, भाडं कोणाकडे, हे गिऱ्हाइकाच्या खिशाशी निगडित आहे. ते बिलावर छापलेलं आहे. पण मला न विचारता मुलीने किती सवलत द्यायची, हा आमच्या दोघांतला हिशेब. एकदा तिने प्रामाणिकपणे सांगून टाकलं, “मला 5 टक्क्यांपर्यंतच सोडता येतं.” तो गडी तिथून पाचावरच बसला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या साडूने बोलणीच पाचापासून सुरू केली.

तरीही “असा काही नियमच नाही” असं म्हणू नये. ते खोटं आहे, आणि साडूकडे आधीच्या बोलण्याचा स्क्रीनशॉट असतो. ती आता म्हणते, “सवलतीचं आतलं गणित मी सांगणार नाही. 40 नगांना हा भाव देते, पटतो का?” सांगत नाही हे उघड सांगितलं की फसवणूक कसली? “मालकाने काय लिहून दिलंय ते दाखव” असा कोणी हट्ट धरला तर तेच वाक्य पुन्हा, आणखी आखूड. कारणं द्यायला लागलं की कारणांतूनच आकडा बाहेर पडतो: “मालक रागावतील”, “याच्या खाली परवडत नाही”, बस्स, समोरच्याला तळ कळला.

त्या 6 हिरव्या चादरी परत आल्याच नाहीत. लग्नानंतर त्याने त्यांचे पैसे पाठवले आणि खाली लिहिलं, “राहू दे बे, बायकोला आवडल्या.”